दोन वरिष्ठांच्या वादात मधे सापडलात तर काय करायचं: फिश कंपनीत नव्याने लागलेल्यांसाठी

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते. ऑगस्टमध्ये बंदरावर माल यायला लागला की रत्नागिरीच्या आसपासच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांमध्ये नवी भरती दिसते. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा बीएस्सी करून आलेली मुलं-मुली क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागतात. काम महिन्याभरात जमतं. थर्मामीटर, ग्रेडिंग, काउंट, ग्लेझिंग, सगळं हाताखाली येतं. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. एक दिवस प्रॉडक्शनचे सर बाजूला घेऊन म्हणतात, 'काय झालं ते तू बघितलंस, साहेबांना सांग.' आणि तासाभराने क्वालिटीच्या मॅडम नेमकं तेच म्हणतात.

या दोन खुर्च्यांचं भांडण जवळपास प्रत्येक कारखान्यात आहे आणि माणसं बदलली तरी ते राहतं. प्रॉडक्शनला दिवसाला किती टन माल निघाला यावर जाब द्यावा लागतो. क्वालिटीला कंटेनर परत आला तर जाब द्यावा लागतो. एकाला माल पुढे ढकलायचा असतो, दुसऱ्याला थांबवायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मधे तुम्ही उभे असता, कारण तापमान, वेळ आणि लॉट नंबर ज्या कागदावर येतो तो कागद तुम्ही भरता. म्हणूनच दोघांना तुम्ही आपल्या बाजूला हवे असता.

मी या कामात बरीच वर्षं आहे. खाली लिहिलंय ते क्वालिटीच्या नव्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. आइस प्लांट, स्टोअर किंवा पॅकिंगमध्ये असाल तर फॉर्मचं नाव बदलेल, बाकी पद्धत तीच.

1. आधी बघा, वाद नेमका कशावर आहे

दोन वरिष्ठ भांडताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतात. काय घडलं, आता काय करायचं, आणि चूक कोणाची. ऐकताना मनातल्या मनात या तिघांची फोड करा, कारण तुमचं काम फक्त पहिल्याशी आहे.

'टेम्पो किती वाजता आला, तापमान किती होतं' हे घडलेलं आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ते द्यायलाच हवं. 'माल घ्यायचा की परत पाठवायचा' हा निर्णय आहे. तो कोणी घ्यायचा हे कारखान्याच्या हॅसेप, म्हणजे अन्नसुरक्षेच्या, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथे ट्रेनीचं नाव नसतं. 'चूक कोणाची' हे ठरवायला मालक किंवा प्लांट मॅनेजर बसलेले आहेत.

नवी मुलं इथे हमखास फसतात. प्रश्न पहिल्या प्रकारचा वाटतो, पण उत्तर तिसऱ्या प्रकारचं मागितलेलं असतं. 'त्यांची माणसंच नव्हती ना उतरवायला?' हा प्रश्न ऐकायला साधा आहे. 'हो' म्हटलंत की तुम्ही साक्षीदार झालात, आणि संध्याकाळपर्यंत 'ती पण म्हणाली' असं तुमचं नाव कॅन्टीनमध्ये पोचलं.

2. तुमची हद्द कागदावर बघून घ्या

पहिल्या आठवड्यातच नेमणूक पत्र नीट वाचा. तुम्ही कोणाला रिपोर्ट करता हे त्यात असतं. नसेल तर एचआरकडून लेखी विचारून घ्या. नंतर हॅसेप मॅन्युअल मागा आणि त्यात फक्त तीन गोष्टी शोधा: तुमच्या फॉर्मवर भरणाऱ्याची सही कोणाची, तपासणाऱ्याची सही कोणाची, आणि होल्डवर ठेवलेला लॉट मोकळा करायचा अधिकार कोणाचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. बहुतेक तुम्ही क्वालिटीच्या मॅडमना रिपोर्ट करत असाल. मग त्यांनी सांगितलेलं काम करणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. त्या म्हणाल्या 'आणखी पाच नमुने घे', तर घ्या. प्रॉडक्शनच्या सरांनी त्यावरून टोमणा मारला तरी घ्या. त्यांचं काम तुम्ही करायचं, त्यांचं भांडण तुम्ही वाहायचं नाही. हा फरक एकदा लक्षात आला की अर्धी घुसमट कमी होते. सरांनाही सरळ सांगता येतं: 'सर, मला मॅडमनी नमुने घ्यायला सांगितलंय, मी घेते. तुमचं काही म्हणणं असेल तर त्यांच्याशी बोला ना.'

3. जवळ काय हवं

- नेमणूक पत्राची प्रत, घरी.
- हॅसेप मॅन्युअलमधलं तुमच्या टप्प्याचं पान कुठे आहे याची माहिती. पान कारखान्यातच राहू द्या.
- रोज तपासलेला थर्मामीटर आणि त्याची कॅलिब्रेशनची नोंद.
- घड्याळ. फ्लोअरवर मनगटी घड्याळ आणि मोबाइल बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ आणि गेटवरच्या वॉचमनचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते माहीत करून घ्या.
- निळं बॉलपेन. पेन्सिल नको, व्हाइटनर तर अजिबात नको.
- एक साधी खासगी डायरी. तारीख, वेळ, कोणी काय करायला सांगितलं, एवढंच. गिऱ्हाइकाचं नाव, लॉट नंबर, भाव असलं काहीही त्यात लिहू नका आणि फॉर्मचे फोटो काढून घरी नेऊ नका. स्वतःच्या बचावासाठी काढलेला फोटो कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा पुरावा ठरतो.

4. वाद व्हायच्या आधीच नोंद पक्की करा

तुमच्या तटस्थपणाचा खरा आधार म्हणजे वेळच्या वेळी भरलेला फॉर्म. शिफ्ट संपताना आठवून आठवून भरलेल्या फॉर्मवर कोणीही बोट ठेवू शकतं. शिवाय आठवताना जो शेवटचा बोलून गेला त्याच्या बाजूला हात झुकतो, हे मी चांगल्या प्रामाणिक मुलांच्या बाबतीतही पाहिलंय.

आकडा चुकून लिहिला गेला तर त्यावर एकच आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तुमची छोटी सही आणि वेळ. अमेरिकेला माल जात असेल तर त्यांच्या सीफूड नियमाप्रमाणे महत्त्वाच्या टप्प्यांच्या नोंदींवर ती तपासणी करणाऱ्याची सही लागते आणि आठवड्याच्या आत प्रशिक्षित माणसाने त्या तपासाव्या लागतात. ऑडिटर आला की खाडाखोड पहिली बघतो.

थर्मामीटरचं तर पक्कं करूनच टाका, कारण वाद झाला की पहिला वार त्याच्यावर होतो. ग्लासात ठेचलेला बर्फ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा. प्रोब मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. शून्य यायला हवं. किती फरक चालेल ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं. त्याच्या बाहेर गेला तर थर्मामीटर बदला आणि तसं लिहा. वादाचा माल असेल तेव्हा हे दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर करा. दोन मिनिटं जातात, पण नंतर 'तिचा थर्मामीटरच खराब' हे वाक्य कोणाला बोलता येत नाही.

5. एक प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

असे प्रसंग दर हंगामात होतात. त्यातलाच एक आकड्यांसकट मांडते.

हर्णैहून बांगड्याचा टेम्पो आला. गेटच्या रजिस्टरवर वेळ दुपारी 4:10. ट्रेनीने 4:25 ला पाच मासे घेतले, प्रोब पाठीच्या जाड भागात कण्यापर्यंत घालून तापमान पाहिलं. सगळे 3.1 ते 3.8 अंशांच्या मधे. कारखान्याची मर्यादा 4 अंश. 4:30 ला तिने ओके स्लिप अनलोडिंगच्या सुपरवायझरच्या हातात दिली आणि ती पीलिंगमध्ये गेली. 6 वाजता परत आली तर टेम्पो तिथेच, दोन माणसं क्रेट उतरवतायत, वरच्या क्रेटमधला बर्फ वितळलेला. 6:05 ला पुन्हा तापमान घेतलं. खालच्या क्रेटमध्ये 4.0, वरच्या दोन क्रेटमध्ये 6.8 आणि 7.2.

बांगड्यात हा प्रकार गंभीर आहे. हा मासा गरम राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, फ्रीझ करूनही जात नाही. मॅडमनी माल होल्डवर घालायला सांगितलं. सर चिडले. त्यांचं म्हणणं, ओके स्लिप वेळेवर मिळालीच नाही. मॅडमचं म्हणणं, स्लिप साडेचारला गेली, पण यांची सगळी माणसं म्हाकुलाच्या लाइनवर होती.

आता दोघंही ट्रेनीकडे आले.

सर म्हणाले, 'स्लिप उशिराच आली ना गं?'
तिने सांगितलं, 'सर, मी साडेचारला सुपरवायझरच्या हातात दिली. पुढे ती तुमच्यापर्यंत कधी आली ते मला माहीत नाही.'

मॅडम म्हणाल्या, 'उतरवायला कोणी नव्हतंच, तू बघितलंस ना?'
तिने सांगितलं, 'मॅडम, मी सहाला आले तेव्हा दोघं उतरवत होते. साडेचार ते सहा मी पीलिंगमध्ये होते, त्या वेळचं मी पाहिलेलं नाही.'

या दोन उत्तरांत काय आहे ते नीट बघा. पहिल्या उत्तराने सरांचा मुद्दा थोडा कमजोर होतो, दुसऱ्याने मॅडमचा. तिने ते तोलून मापून केलं नाही. जे पाहिलं ते सांगितलं आणि जिथे पाहिलं नाही तिथे 'पाहिलं नाही' म्हटलं. दोघांना समसमान खूश ठेवायचं, असा तटस्थपणाचा अर्थ लावू नका. पाहिलेलं कधी कधी पूर्णपणे एकाच्याच बाजूने जातं. तेव्हाही तेच सांगायचं, आणि दुसऱ्यालाही त्याच शब्दांत सांगायचं.

'मला काहीच माहीत नाही' म्हणून सुटायचा मोह इथे होतो. करू नका. स्लिपवर तुमची सही आणि वेळ आहे, म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. गप्प बसलात की प्रत्येकजण समजतो तुम्ही दुसऱ्याला सामील आहात.

संध्याकाळी तिने एक छोटी मेल केली. 'टू'मध्ये सर आणि मॅडम दोघंही, सीसीमध्ये प्लांट मॅनेजर. मजकूर पाच ओळींचा: गेटची वेळ, पहिलं तापमान, स्लिप कोणाला किती वाजता दिली, दुसरं तापमान क्रेटनुसार, 4:30 ते 6:00 स्वतः कुठे होती. 'उशीर', 'निष्काळजीपणा', 'दुर्दैवाने' असा एकही शब्द नाही. मेल पाठवण्याआधी दोघांनाही तोंडी सांगितलं की आजच्या टेम्पोच्या वेळा लिहून पाठवते आहे. हे सांगणं महत्त्वाचं, नाहीतर मेल म्हणजे तक्रार वाटते. तुमच्याकडे मेल नसेल तर रिसीव्हिंगच्या फॉर्मवरचा शेऱ्याचा रकाना तेवढ्यासाठीच असतो. एक मात्र बघा: असा मजकूर पहिल्यांदाच मॅनेजरपर्यंत नेत असाल तर आधी आपल्या थेट वरिष्ठांना विचारा. काही ठिकाणी सीसी त्यांनीच लावायची पद्धत असते.

6. दोघांचे दोन हुकूम आले तर

वरच्या प्रसंगात हेही झालं. सर म्हणाले माल ग्रेडिंगला घ्या, मॅडम म्हणाल्या हात लावू नका. आणि दोघंही फोनवर.

अशा वेळी दोघांनाही मान्य होईल असं एक काम शोधा आणि ते आधी करा. मासळीत ते काम बहुतेक वेळा एकच असतं: ताजा ठेचलेला बर्फ घाला आणि माल चिल रूममध्ये ठेवा. गरम झालेल्या वरच्या क्रेट वेगळ्या लावा, त्यांवर टॅग लावा. थंड राहिलेला माल पुढे घ्यायचा ठरला तरी त्याचं नुकसान नाही, परत पाठवायचा ठरला तरी नाही. भांडण चालू असताना माल उन्हात किंवा लोडिंग बेवर उभा राहिला तर मात्र दोघंही हरतात, आणि त्या वेळी तिथे उभं कोण होतं, तर तुम्ही.

नंतर दोघांना एकाच वेळी एकत्र आणा. 'सर, मॅडम लाइनवर आहेत, दोघंही ऐकताय ना? माल चिल रूममध्ये बर्फात आहे. पुढे काय करायचं ते सांगा, मी तसं फॉर्मवर लिहिते.' एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेऊ नका. निरोप नेताना सूर बदलतो, आणि बदललेल्या सुराचं खापर नेणाऱ्यावर फुटतं. समोरचा कितीही म्हणाला 'जाऊन सांग तुझ्या मॅडमना', तरी म्हणा, 'सर, मी फोन लावून देते, तुम्हीच बोला.'

7. फ्लोअरच्या बाहेरचं वागणं

आपल्याकडे गावं छोटी. सरांचं घर तुमच्या आत्याच्या वाडीत निघतं, मॅडमच्या भावाची तुमच्या काकांशी ओळख असते. एमआयडीसीतून स्टँडपर्यंत कोणाच्या गाडीवर बसलात हेही दुसऱ्या दिवशी माहीत असतं. हे टाळता येत नाही आणि टाळायची गरजही नाही. फक्त वाद पेटलेला असेल त्या आठवड्यात नेहमीचा क्रम बदलू नका. रोज सरांच्या गाडीवरून जात असाल तर जा. रोज बसने जात असाल तर त्याच आठवड्यात गाडीवर बसू नका. लोकांच्या नजरेला बदल दिसतो.

गणपतीत दोघंही घरी बोलावतील. दोन्हीकडे जा, दोन्हीकडे दर्शन घ्या, प्रसाद घ्या आणि कारखान्याचा विषय निघाला तर 'आज नको ना तो विषय' असं हसून म्हणा. एकाकडे गेलात आणि दुसऱ्याकडे राहून गेलं, तर त्याचा अर्थ काढला जातो.

व्हॉट्सअॅपबद्दल फक्त एवढंच: एकाने दुसऱ्याबद्दल पाठवलेल्या मेसेजला अंगठा, हसरा चेहरा, काहीही टाकू नका. अंगठ्याचा स्क्रीनशॉट निघतो. खासगीत विचारलं तर 'उद्या आल्यावर बोलू' पुरे. आणि उद्या ते बोलले तर ऐकून घ्या, मान हलवू नका. बोलणाऱ्याला आपल्याकडे मान हलली की होकार वाटतो. 'तुमचं म्हणणं कळलं, पण मी यात काय बोलणार' हे वाक्य मऊ आवाजात, दर वेळी तेच. दोन-चारदा ऐकलं की माणसं विचारायची थांबतात.

एक गैरसमज काढून टाका. वरिष्ठांमध्ये समेट घडवणं हे नव्या माणसाचं काम नाही. 'मॅडम, सर तसे मनाने चांगले आहेत' असं चांगल्या हेतूने सांगायला गेलात तरी मॅडमच्या कानाला ते सरांच्या बाजूचंच वाटतं.

8. जिथे तटस्थ राहायचं नाही

कोणीही, कोणत्याही बाजूने, आकडा बदलायला सांगितलं तर तिथे दोन बाजू उरत नाहीत. 7.2 च्या जागी 4 लिही, किंवा उलट, 3.8 ला 5 लिही म्हणजे त्यांना धडा मिळेल. दुसरा प्रकारही होतो, क्वालिटीकडूनही होतो.

नकार भांडणाच्या सुरात देऊ नका. 'सर, फॉर्मवर दिसलेला आकडा लिहिलाय. तुम्हाला शंका असेल तर आता तुमच्यासमोर परत घेते, त्या वेळेसकट खाली लिहिते.' परत घेतलेला आकडा कमी आला तरी पहिला खोडायचा नाही, दोन्ही राहतील. माल तरीही सोडायचा असेल तर तो अधिकार ज्यांचा आहे त्यांनी होल्डच्या फॉर्मवर कारण लिहून सही करावी. तसं नम्रपणे म्हणा: 'होल्डचा फॉर्म आणते, तुमचा शेरा आणि सही लागेल.' सही मागितली की तोंडी आग्रह बहुतेक तिथेच थांबतो.

थांबला नाही तर त्याच दिवशी थेट वरिष्ठांना सांगा. दबाव त्यांचाच असेल तर प्लांट मॅनेजरकडे जा. जाताना फॉर्म आणि डायरीतली वेळ घेऊन जा, आणि 'मला असं करायला सांगितलं, मी केलेलं नाही' एवढंच बोला. तो माणूस कसा आहे, याआधी काय काय झालं, हे सगळं तिथे काढू नका. वरच्या माणसाला एक घटना, एक वेळ, एक कागद दिला तर तो त्यावर काही करू शकतो.

शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, बाईमाणसाला उद्देशून घाणेरडं बोलणं, अमोनियाच्या लाइनची तक्रार दाबून ठेवणं, यांनाही हेच लागू आहे. बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कंपनीत अंतर्गत समिती असते. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर असतात, रुजू झाल्यावर एकदा वाचून ठेवा.

9. प्रोबेशनचा अहवाल यांपैकीच एकाच्या हातात असेल तर

हा प्रश्न मुलं सगळ्यात जास्त विचारतात, आणि भीती खोटी नाही. यावर एकच उपाय मला खात्रीने सांगता येतो. अहवालाची वाट न बघता दर महिन्याला आपल्या थेट वरिष्ठांकडे दहा मिनिटं मागा. तुम्ही किती लॉट तपासले, किती नोंदी वेळेवर झाल्या, काय नवीन शिकलात, ते एका पानावर लिहून न्या आणि 'माझ्या कामात काय कमी आहे' हे विचारा. त्यांनी सांगितलेलं त्याच पानावर त्यांच्यासमोर लिहा, तारीख घाला. सहा महिन्यांनी अहवालात अचानक 'सहकार्य करत नाही' असं आलं, तर तुमच्याकडे सहा पानं असतात. वाद चालू असलेल्या महिन्यात ही भेट मुद्दाम चुकवू नका, आणि त्या भेटीत टेम्पोचा विषय तुम्ही होऊन काढू नका.